‘सगळं करून देतो’ यातलं ‘सगळं’ म्हणजे काय?

प्रश्न : माझा जळगावला पीव्हीसी पाइपचा कारखाना आहे, पस्तीस वर्षं झाली. पोरं म्हणतात, पुस्तक काढा. मला बोलता येतं, लिहिता येत नाही. एक लेखक दीड लाखात ‘सगळं करून देतो’ म्हणतो, अर्धे पैसे आधी मागतो. पुस्तक माझ्यासारखं वाटेल का? नाव कोणाचं टाकायचं? पैसे कसे द्यायचे?

उत्तर :

भाऊ, दीड लाख हा आकडा मला फार खटकत नाही. खटकतो तो ‘सगळं’ हा शब्द. मी धुळ्यात राहून सतरा वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं लिहिते आहे, आणि माझी जेवढी भांडणं झाली तेवढी या एका शब्दावरून झाली. मालकाच्या ‘सगळं’मध्ये छपाई, प्रकाशन समारंभ आणि पेपरातली बातमीही असते. लेखकाच्या ‘सगळं’मध्ये शेवटच्या पानाचा मजकूर असतो, संपलं.

एक काम सविस्तर सांगते, त्यातून तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं येतील. नंदुरबारचे एक मसाला कारखानदार. त्यांना कारखान्यात सगळे अण्णा म्हणतात, मीही इथे तेवढंच म्हणते. सातवीत शाळा सुटली. आधी दुसऱ्याच्या पथारीवर, म्हणजे मिरची पसरून वाळवायच्या जागेवर हमाली, मग स्वतःची पथारी, मग कांडप मशीन, मग पाकिटबंद मसाले. वय अडुसष्ट. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, तीनशे पानांचं जाडजूड पुस्तक पाहिजे, हातात घेतलं की वजन लागलं पाहिजे.

मी त्यांना विचारलं, हे पुस्तक तुम्ही कोणाच्या हातात देणार? ते म्हणाले, नातवंडांना. थोड्या वेळाने म्हणाले, डीलर लोकांना दिवाळीला मिठाईच्या खोक्याबरोबर. चहा झाल्यावर म्हणाले, आपल्या भागातल्या नव्या पोरांना धंदा कसा करायचा ते कळलं पाहिजे. ही तीन वेगळी पुस्तकं आहेत. नातवंडांना आजोबांचं कुळ, गाव, लग्न, दुष्काळ हवा. डीलरला कारखाना किती भरवशाचा आहे ते हवं. धंदा शिकणाऱ्या पोराला उधारी कशी वसूल केली आणि कुठे बुडाले ते हवं, आणि नेमकं तेच डीलरसमोर सांगायला मालक कचरतो. तिन्ही एकत्र कोंबली की स्मरणिका तयार होते. लोक फोटो चाळतात आणि कपाटात ठेवतात.

अण्णांनी दोन दिवस विचार केला आणि नवी पोरं निवडली. त्यामुळे घराण्याचा इतिहास दोन पानांवर आला, सत्कारांचे फोटो गेले आणि पुस्तक पथारीपासून पाकिटापर्यंतच्या बावीस वर्षांचं झालं. तीनशेची १४४ पानं झाली. हा आकडा मी हवेतून काढला नाही. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापतात, १४४ म्हणजे बरोबर नऊ फॉर्म. डेमी आकाराच्या पानावर मराठीचे साधारण २८० शब्द बसतात. प्रकरणांच्या कोऱ्या जागा आणि थोडे फोटो वजा केले की मजकूर ३५ हजार शब्दांच्या आसपास येतो. करारात मी पानं लिहितच नाही, शब्द लिहिते. पानांचं काय, अक्षर मोठं केलं की वाढतात.

आता तुमच्यासारखं वाटेल का, हा प्रश्न. याला मी सगळ्यात जास्त जागा देणार आहे, कारण बाकीचं वकील आणि सीए बघू शकतात, हे कोणी बघत नाही.

अण्णांची पहिली तीन बोलणी त्यांच्या केबिनमध्ये झाली. एसी चालू, समोर ड्रायफ्रूटची प्लेट. तिन्ही वाया गेली. केबिनमध्ये बसलं की मालक सत्काराला उत्तर दिल्यासारखं बोलतो : “जिद्द, चिकाटी आणि प्रामाणिकपणा या त्रिसूत्रीवर...” घरी येऊन टेप ऐकताना मला कळेना की हा माणूस मिरची विकतो की इन्शुरन्स. चौथ्या वेळी मी म्हटलं, मला पथारी दाखवा. सकाळी साडेसहाला गेलो. बायका मिरची खुडायला बसल्या होत्या, डोळ्यांत ठसका जात होता. अण्णा चालता चालता बोलायला लागले आणि त्यांची भाषाच बदलली. वाक्यं छोटी झाली. कोणाचं बोलणं सांगायचं असलं की आपोआप अहिराणी यायची. उपदेश पुस्तकी मराठीत, हिशेब साध्या मराठीत आणि आईचं बोलणं अहिराणीत, असे तीन कप्पे होते त्यांच्या डोक्यात. पुस्तकाचा आवाज दुसऱ्या आणि तिसऱ्या कप्प्यात होता.

त्यानंतर एकही बैठक केबिनमध्ये घेतली नाही. शर्टला लावायचा साधा माइक घेतला, कारण कांडप मशीनच्या आवाजात मोबाइलवर काही उमटत नाही. एकूण अठरा तास रेकॉर्डिंग झालं. एका तासाच्या बोलण्याचे उतरवून सहा-सात हजार शब्द होतात, आणि पुनरावृत्ती, फोन, चहा, ‘ते राहू द्या’ असं गाळत गेलं की त्यातले दोन हजार कामाचे उरतात. अठरा गुणिले दोन हजार म्हणजे आपल्या ३५ हजारांचा हिशेब जमला. तुमचा लेखक ‘चार बैठकांत पुस्तक होईल’ म्हणाला, तर उरलेले शब्द तो स्वतःच्या डोक्यातून भरणार आहे, एवढं समजून घ्या.

रेकॉर्डिंग शब्दशः उतरवून घ्यायचं, ‘अं’ आणि अडखळण्यासकट. सरावाच्या टायपिस्टलाही एका तासाला पाच तास लागतात आणि अहिराणी न येणाऱ्याला दिलं तर निम्मं चुकतं. पुण्याच्या एकाकडून मी एकदा उतरवून घेतलं होतं. ‘वली’ म्हणजे ओली, हे त्याला कुठून ठाऊक असणार? त्याने सगळीकडे ‘वल्ली’ केलं होतं, वल्ली मिरची!

एक उतारा दाखवते. दिवाळीनंतरच्या अवकाळी पावसाची गोष्ट. कच्च्या टेपवर अण्णा असे बोलले होते :

“तर काय झालं, रातले पानी उना. ऑक्टोबर... नाही, दिवाळी होऊन गेली होती. मी पथारीवर पोचलो तं माणसं ताडपत्री ओढू राहिले. पण पसरेल मिरची किती झाकनार? अर्धी वाळेल होती, सगळी वली झाली. माय उभी. बोलनी, मिरची गयी ते गयी, नाव जावाले नको. सकाळी एक व्यापारी आला. म्हणे वाळव, चांगल्यात मिसळ, दळून टाक, लाल पावडरमधी कोनाले कळतं. मी नाही म्हटलं. म्हणजे... नाही म्हणायला पाच मिनिटं लागली बरं का.”

याचं एका होतकरू लेखकाने आधी काय केलं होतं ते बघा (माझ्या आधी अण्णांनी एकाला काम दिलं होतं, त्याची सोळा पानं माझ्याकडे आली) : ‘निसर्गाच्या प्रकोपापुढे हतबल न होता मी मूल्यांशी कदापि तडजोड न करण्याचा ठाम निर्धार केला.’ यात पाऊस नाही, मिरची नाही, आई नाही. असं वाक्य तुमच्या पाइपच्या पुस्तकातही चालेल आणि एखाद्या पतसंस्थेच्या अहवालातही. हीच त्याची परीक्षा. कुठल्याही धंद्याच्या पुस्तकात उचलून ठेवता येईल असं वाक्य तुमचं नसतं.

पुस्तकात शेवटी आलं ते असं :

‘दिवाळी होऊन गेली होती. रात्री पाऊस आला. मी पथारीवर पोचलो तेव्हा माणसं ताडपत्री ओढत होती, पण पसरलेली मिरची किती झाकणार? अर्धी वाळलेली, सगळी ओली झाली. आई तिथेच उभी होती. म्हणाली, “मिरची गयी ते गयी, नाव जावाले नको.” सकाळी एक व्यापारी आला. वाळव, चांगल्यात मिसळ आणि दळून टाक म्हणाला. लाल पावडरीत कोणाला कळतं? मी नाही म्हणालो. नाही म्हणायला मला पाच मिनिटं लागली.’

माझं काम फक्त एवढंच : महिन्याचा घोळ काढला, निवेदन साध्या मराठीत आणलं, आईचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं, वाक्यांची लांबी त्यांचीच ठेवली. आईच्या वाक्याचा अर्थ खाली दिला नाही. साताऱ्याच्या वाचकालाही तो संदर्भावरून कळतो. सगळं पुस्तक अहिराणीत केलं असतं तर बाहेरचे वाचक दहाव्या पानावर थांबले असते, आणि सगळं प्रमाण मराठीत केलं असतं तर ते अण्णा राहिले नसते. ओली मिरची वरून वाळते आणि आत बुरशी धरते, हे स्पष्टीकरण पुढच्या परिच्छेदात आलं, तेही त्यांच्याच दुसऱ्या दिवशीच्या टेपमधून.

गंमत म्हणजे अण्णांनी पहिल्या वाचनात ती ‘पाच मिनिटं’ खोडली होती. लोक म्हणतील मन डळमळलं. मी आग्रह धरला नाही. त्यांच्या मुनीमजींना आणि घरी काकूंना तो भाग मोठ्याने वाचून दाखवला. काकू हसल्या आणि म्हणाल्या, पाच नाही, दिवसभर विचार करत होते, जेवले नव्हते. मग अण्णांनी स्वतःच ती ओळ परत घातली. आवाज जमला की नाही याची कसोटी मी नेहमी अशीच घेते. मालकाला विचारून उपयोग नसतो, त्याला आपला आवाज ऐकू येत नाही आणि भारदस्त वाक्यं त्याला आवडतात. तीस वर्षं सोबत असलेल्या माणसाला वाचून दाखवा. तो मध्येच ‘असं बोलत नाहीत ते’ म्हणाला, तर ते वाक्य गेलं.

शिवाय मी एक वही ठेवते. डाव्या पानावर मालकाचे ठेवणीतले शब्द, उजवीकडे तो कधीच वापरत नाही ते. अण्णांच्या डाव्या पानावर ‘गणित बसत नाही’, ‘फटकी’, ‘हात आखडला’ होते. फटकी म्हणजे रंग उडालेली मिरची, पण ते हा शब्द माणसांनाही लावायचे. उजव्या पानावर ‘संघर्ष’, ‘दूरदृष्टी’, ‘उद्योजकता’. अठरा तासांत एकदाही आले नव्हते, म्हणून पुस्तकातही एकदाही नाहीत. तुमच्याकडे पाइपवाल्यांचे स्वतःचे शब्द असतीलच. ते तुमचा लेखक कागदावर टिपतो का, एवढं बघा.

आठवणीवर मात्र फार विसंबू नका. अण्णा पहिल्या कांडप मशीनचं साल १९८७ सांगायचे, कारण ‘थोरलीचा जन्म झाला त्या वर्षी’. थोरलीच्या शाळेच्या दाखल्यावर १९८९ निघालं आणि बँकेचं कर्जाचं पत्रही तेच म्हणत होतं. दोन वर्षांचा फरक क्षुल्लक वाटतो, पण त्यावर पुढची तीन प्रकरणं उभी होती. दुकानाचा परवाना, विक्रीकराची नोंदणी, जुन्या चोपड्या, लग्नपत्रिका हे सगळं एका पिशवीत भरून लेखकाला पहिल्याच महिन्यात द्या. आणि जुन्या भागीदाराबद्दल, भावकीच्या वाटणीबद्दल जे बोलाल ते टेपवर बोलून मोकळे व्हा, पण छापायचं काय ते कच्चा मसुदा झाल्यावर ठरवा. जिवंत माणसावर नाव घेऊन फसवणुकीचा आरोप छापला तर बदनामीची नोटीस येते, आणि ती लेखकाला नाही, आधी तुम्हाला येते, कारण मुखपृष्ठावर नाव तुमचं. अण्णांच्या पुस्तकात एक भागीदार आहे, त्याला नाव नाही आणि गावही नाही. त्याने पैसे किती दिवस अडकवले, तेवढंच आहे. शिकणाऱ्या पोराला तेवढंच लागतं.

आता नाव. मराठीत यासाठी एक बरा शब्द आधीपासून आहे, ‘शब्दांकन’. आतल्या शीर्षकपानावर लेखक म्हणून मालकाचं नाव आणि खाली लहान अक्षरात शब्दांकन अमुक, ही पद्धत वाचकाला ओळखीची आहे आणि त्यात कोणाची मान खाली जात नाही. दुसरा मार्ग म्हणजे मनोगतात आभार. तिसरा म्हणजे कुठेच नाव नाही. तिसऱ्यासाठी मी फी चौथ्या हिश्शाने वाढवते, कारण ते काम मी पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवू शकत नाही.

अण्णांच्या मुलाला तिसरा मार्ग हवा होता. लोक म्हणतील बाबांनी लिहिलंच नाही. मी म्हटलं, बाबा सातवी शिकलेत हे अख्ख्या नंदुरबारला माहीत आहे. नाव लपवलं तर लोक जास्त कुजबुजतील. आपल्या खानदेशात तर या गोष्टीची लाज वाटायचं कारणच नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलाने म्हणजे सोपानदेवांनी आणि सोपानदेवांच्या मावसभावाने उतरवून घेतल्या, म्हणून त्या कोणी सोपानदेवांच्या म्हणत नाही. अर्थात तिथे फक्त उतरवणं होतं. इथे मी निवडते, क्रम लावते, गाळते. म्हणून मी ‘लेखन’ मागत नाही आणि ‘संपादन’ही पुरेसं वाटत नाही. शब्दांकन बरोबर बसतं. मुलगा शेवटी कबूल झाला, पण मुखपृष्ठावर नको, आत चालेल. चालेल म्हटलं.

कायद्याची एक बाजू मात्र बहुतेक मालकांना ठाऊक नसते. पैसे दिले म्हणजे मजकूर आपला, असं ते धरून चालतात. लेखक तुमचा पगारी नोकर नसेल, बाहेरचा असेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक सहसा तोच असतो. हक्क तुमच्याकडे यायचे तर लेखी आणि त्याच्या सहीचं हस्तांतर लागतं. त्यात कोणतं पुस्तक, कोणते हक्क, किती काळ आणि कुठे, हे लिहावं लागतं. काळ लिहिला नाही तर पाचच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि धंदेवाल्यांना हमखास नडणारी अट पुढे आहे : हक्क घेतल्यापासून एका वर्षात वापरले नाहीत, तर ते परत जातात, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. आपल्याकडे पुस्तक तयार झालं तरी मालक म्हणतो, थांबा, पन्नासाव्या वर्षी काढू, किंवा नातीच्या लग्नात. अण्णांनी दीड वर्ष थांबवलं होतं. आमच्या करारात ‘न वापरल्यास हक्क परत जाणार नाहीत’ ही ओळ होती म्हणून निभावलं. भाषांतर, ऑडिओ, इंग्रजी आवृत्ती यांचेही हक्क नावानिशी घ्या. आणखी एक म्हणजे हक्क विकल्यावरही ‘हे मी लिहिलं’ म्हणण्याचा लेखकाचा हक्क कायदा वेगळा धरतो. त्यामुळे नाव कुठेच नको असेल, तर गुप्ततेचं कलम वकिलाकडून नीट लिहून घ्या, तोंडी ‘कोणाला सांगू नका’वर राहू नका. रेकॉर्डिंग कोणाकडे राहणार आणि कधी पुसणार, हेही त्यातच.

पैशांचं. सुरुवातीच्या काळात मी एक चूक केली. एका मालकाने फी निम्मी दिली आणि म्हणाला, उरलेलं रॉयल्टीत अर्धं-अर्धं. मला फार मोठं वाटलं. हजार प्रतींची आवृत्ती, किंमत तीनशे, रॉयल्टी दहा टक्के म्हणजे पूर्ण आवृत्ती विकली तर तीस हजार, माझा वाटा पंधरा. आणि त्याने सहाशे प्रती पाहुण्यांना फुकट वाटल्या. फुकटच्या प्रतीवर रॉयल्टी कुठून येणार? तेव्हापासून फी पूर्ण घेते आणि रॉयल्टी मालकाची. मालकाच्याही ते सोयीचं, कारण प्रती वाटायला तो मोकळा राहतो.

अण्णांच्या कामाची फी १ लाख ६० हजार होती. सहीला ३२ हजार, रेकॉर्डिंग उतरवून प्रकरणांचा आराखडा मंजूर झाल्यावर ३२, पूर्ण कच्च्या मसुद्यावर ४८, दुरुस्त पक्क्या मसुद्यावर ३२ आणि छपाईपूर्व प्रुफं तपासून दिल्यावर १६. टायपिस्टचे पैसे आणि धुळे-नंदुरबारचं जाणं-येणं वेगळं, पावतीप्रमाणे. हक्क शेवटचा हप्ता पोचल्यावरच हस्तांतरित. या हप्त्यांत एक अर्थ आहे. प्रत्येक टप्प्यावर तुमच्या हातात काहीतरी कागद येतो आणि तिथे दोघांपैकी कोणीही हात जोडून थांबू शकतो. तुमचा लेखक मागतो तसे अर्धे आधी दिलेत, तर तीन महिन्यांनी तुमच्या हातात फक्त त्याचे फोन राहतील, आणि उलट सगळे शेवटी ठेवलेत तर त्याच्या डोक्यात तुमचं पुस्तक सगळ्यात शेवटी राहील.

‘मंजूर’ म्हणजे काय तेही लिहा. मसुदा दिल्यावर एकवीस दिवसांत लेखी दुरुस्त्या आल्या नाहीत तर मंजूर. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन. तिसरी फेरी किंवा आराखड्यात नसलेलं नवं प्रकरण असेल तर वेगळे पैसे. हे लेखकाच्या सोयीचं वाटेल, पण मालकालाही लागतं. अण्णांचा मसुदा आधी जावई, मग व्याही, मग एक निवृत्त मुख्याध्यापक, अशा सहा जणांनी वाचला आणि सहाही जणांनी उलटसुलट सुचवलं. मुख्याध्यापकांनी आईचं अहिराणी वाक्य शुद्ध करून दिलं होतं! शेवटी कराराकडे बोट दाखवावं लागलं : दुरुस्त्या एकाच माणसाकडून, एकाच कागदावर. अण्णांनी तो माणूस मुलाला नेमला आणि गोंधळ मिटला.

टीडीएसवरून रुसू नका आणि लेखकाला रुसू देऊ नका. वर्षाला ५० हजारांवर व्यावसायिक फी जात असेल तर धंद्याच्या खात्यातून देताना बहुधा दहा टक्के कापून भरावे लागतात, ते त्याला त्याच्या पॅनवर दिसतात. पुस्तकाचा खर्च कंपनीच्या खात्यात टाकायचा की घरच्या, ते आधी सीएला विचारा, कारण करार कोणाच्या नावाने करायचा ते त्यावर ठरतं. हक्कही मग त्याच नावाकडे जातात, कंपनीकडे किंवा तुमच्याकडे.

छपाईचं थोडक्यात. अक्षरजुळणी करणारा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेत असेल, तर रफार आणि जोडाक्षरं कुठेही उड्या मारतात, म्हणून प्रुफं शेवटच्या फाइलची तपासा, आधीची नाही. आयएसबीएन सरकारकडून फुकट मिळतो, स्वतः छापलंत तरी, त्याचे पैसे कोणी मागितले तर सावध व्हा. आणि प्रस्तावना मागायला मोठ्या माणसाकडे गेलात की नव्वद टक्के वेळा उत्तर येतं, तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो. ती प्रस्तावना कोण लिहिणार, हे तुमच्या ‘सगळं’मध्ये आहे का, विचारून घ्या. मी लिहीत नाही.

तुमच्या लेखकाकडे परत येते. त्याला अर्धे पैसे देऊ नका, नकारही देऊ नका. त्याला एक नमुना मागा, पैसे देऊन. पाच-सात हजार रुपये, दीड हजार शब्द. विषय एकच द्या : पाइपचा पहिला लॉट परत आला तो दिवस, किंवा तुमच्याकडे तसा जो कुठला दिवस असेल तो. बोलणं कारखान्यात होऊ द्या, एक्स्ट्रुडर चालू असताना. पंधरा दिवसांनी तो नमुना आला की तुम्ही वाचू नका. तुमच्या सगळ्यात जुन्या फोरमनला जेवणाच्या सुट्टीत बसवा आणि घरच्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. फोरमन कुठे मान हलवतो आणि कुठे तुमच्याकडे बघून हसतो, ते बघा. त्यानंतर करार, आणि सहीच्या दिवशी वीस टक्क्यांचा चेक.